झाड कुठे झुकतं?

बायनरी सर्च ट्रीमधून एखादी किल्ली काढायची असते तेव्हा दोन मुलं असलेला नोड अडचणीचा ठरतो. पान असेल तर नुसतं तोडायचं, एकच मूल असेल तर त्याला वर आणायचं. पण दोन्ही बाजूंना मुलं असतील तर त्या जागी कुणाला बसवायचं? उत्तर बहुतेक पाठ्यपुस्तकांत हेच असतं: उजव्या सबट्रीतली सर्वांत लहान किल्ली, म्हणजे सक्सेसर. डाव्या सबट्रीतली सर्वांत मोठी, म्हणजे प्रेडिसेसर, घेतली तरी क्रम बिघडत नाही. ‘हवं ते घ्या’ एवढं सांगून पुस्तक पुढे जातं. एकदाच काही काढायचं असेल तर ते खरंही आहे. पण तीच निवड लाखो वेळा झाली की झाडाचा आकार तिच्यावर ठरू लागतो.

सात किल्ल्यांचं नीटस झाड घेऊ. रूट ४०, त्याची मुलं २० आणि ६०, आणि खाली १०, ३०, ५०, ७०. आता ४० काढा. सक्सेसर ५०, तो रूटला गेला. मग ५० काढा, रूटला ६० आला आणि उजवीकडे फक्त ७० उरला. ६० काढा, आता ७० रूट झाला आणि उजवी बाजू रिकामी. डावीकडे मात्र १०, २०, ३० जसेच्या तसे आहेत. तीनदा रूट काढला आणि तिन्ही वेळा किंमत उजव्या सबट्रीनेच मोजली.

हीच सात किल्ल्यांची गोष्ट आलटून-पालटून करून बघा. ४० च्या जागी सक्सेसर ५०. नंतर ५० काढताना प्रेडिसेसर ३० घ्या: डावीकडे २० आणि १०, उजवीकडे ६० आणि ७०. मग ३० काढताना पुन्हा सक्सेसर, म्हणजे ६०. शेवटी डावीकडे दोन, उजवीकडे एक. उरलेल्या किल्ल्या मात्र दोन्ही वेळा वेगळ्या आहेत, कारण प्रत्येक वेळी आपण त्या क्षणीचा रूट काढला. फरक बघायचा तो झुकावाचा.

नुसता प्रेडिसेसर घेतला तर काय होईल? काहीच सुधारणार नाही. पहिल्या झाडाचं आरशातलं प्रतिबिंब मिळेल: डावी बाजू रिकामी होत जाईल, उजवी फुगेल. त्यामुळे ‘सक्सेसरपेक्षा प्रेडिसेसर बरा का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. दोष बाजूत नाही, नेहमी एकाच बाजूला हात घालण्यात आहे.

पण खऱ्या वापरात किल्ल्या येतही असतात. नवी भरती ही झीज भरून काढणार नाही का? इथे जरा थांबून बघायला हवं. समजा झाडात n किल्ल्या आहेत आणि आपण नेहमी सक्सेसर घेत एक यादृच्छिक किल्ली काढतो, एक यादृच्छिक घालतो, असं अखंड चालू आहे. कुठल्याही एका वेळी रूटच काढला जाण्याची शक्यता १/n. म्हणजे साधारण n फेऱ्यांतून एकदा रूट बदलतो आणि बदलला की तो क्रमात एक पाऊल उजवीकडे सरकतो. नवी किल्ली रूटच्या कुठल्या बाजूला पडणार, हे रूटच्या किमतीवर ठरतं. रूट उजवीकडे सरकला की उजवीकडे पडणाऱ्या किल्ल्याही कमी होतात. भरती झीज भरत नाही, ती सरकलेल्या रूटलाच मान्यता देते. मधून कडेपर्यंत n/2 पावलं, प्रत्येक पावलाला n फेऱ्या, म्हणून हा झुकाव पुरता दिसायला n² च्या पटीत फेऱ्या लागतात. हजार किल्ल्यांच्या झाडाला हा आकडा लाखांत जातो. आणि हेच प्रत्येक सबट्रीच्या रूटलाही लागू आहे.

या संथपणामुळेच हा दोष बरीच वर्षं नजरेआड राहिला. थॉमस हिबार्डने १९६२ मध्ये सिद्ध केलं की यादृच्छिक झाडातून एक यादृच्छिक किल्ली सक्सेसर घेण्याच्या त्याच्या पद्धतीने काढली तर उरलेल्या झाडाचा आकारही यादृच्छिक झाडासारखाच राहतो. सिद्धता बरोबर होती. पण काढल्यावर पुन्हा घातलं की ती हमी संपते, हे गॅरी नॉटने १९७५ मध्ये दाखवलं. कारण काढल्यानंतर आकार आणि किल्ल्यांच्या किमती एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. मग १९८३ मध्ये जेफ्री एपिंजरने दीर्घ प्रयोग केले. एकतर्फी काढण्याने शोधाच्या वाटांची एकूण लांबी आधी घटते, पण फेऱ्या चालूच ठेवल्या तर ती वाढू लागते आणि पुरेशा मोठ्या झाडात यादृच्छिक झाडापेक्षाही वाईट होते. जे लवकर थांबले त्यांना सुधारणाच दिसली होती. पुढे जोसेफ कल्बरसन आणि इयान मन्रो यांच्या अभ्यासातून सरासरी खोली √n च्या पटीत वाढते असं चित्र पुढे आलं. log n च्या अपेक्षेने झाड वापरणाऱ्यासाठी हा मोठा फटका आहे.

एपिंजरने दोन्ही बाजूंनी समान न्यायाने काढूनही पाहिलं. तिथे वाटांची लांबी घटली आणि घटलेलीच राहिली, यादृच्छिक झाडाहूनही बरी. झुकाव नाहीसा होणं समजतं: रूट कधी उजवीकडे, कधी डावीकडे सरकतो, त्याला ठरलेली दिशा उरत नाही. पण बरी का? माझं स्पष्टीकरण असं. दिशाहीन भटकणारा रूट अधूनमधून टोकाला पोचतोच. तिथे त्याची एक बाजू रिकामी असते आणि तो काढला की दुसऱ्या बाजूचं मूल सरळ वर येतं, जे बहुधा बरंच आत, मध्याकडे असतं. टोकाला गेलेला रूट असा आत फेकला जातो, म्हणून तो मध्याजवळ जास्त वेळ घालवतो. लहान सबट्रीत हे वारंवार घडतं आणि बहुतेक नोड लहान सबट्रीतच असतात. हा तर्क आहे, सिद्धता नव्हे.

लिहिताना बदल एवढाच:

```python
if node.left and node.right:
    if self.use_pred:
        m = max_node(node.left)
    else:
        m = min_node(node.right)
    self.use_pred = not self.use_pred
```

`use_pred` फक्त दोन मुलांच्या नोडवरच उलटतो, हे लक्षात ठेवा. तरी एक फट राहते. हा ध्वज सगळ्या झाडासाठी एकच आहे. दोन मुलांचे नोड काढण्याच्या क्रमात दर दुसऱ्यांदा रूटच येत असेल, तर रूटला दर वेळी एकच बाजू मिळेल आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे. म्हणून नाणं उडवून बाजू ठरवणं जास्त सुरक्षित: सरासरी तीच, पण क्रमाशी जुळून येण्याची भीती नाही. आपलं झाड झुकतंय का हे बघायचं तर उंचीवर भरवसा नको, कारण एखादी लांब फांदीही ती वाढवते. रूटच्या दोन्ही बाजूंची नोडसंख्या अधूनमधून मोजा. आकडे सतत एकाच दिशेने पांगत असतील तर निदान झालं.

आणि काही दुखणी या औषधाच्या पलीकडची आहेत. किल्ल्या चढत्या क्रमाने आल्या तर झाडाची साखळी होते. साखळीत दोन मुलांचा नोडच नसतो, त्यामुळे वरच्या बदललेल्या ओळी कधी चालतच नाहीत. किल्ल्या खरोखर यादृच्छिक येत असतील आणि झाड दीर्घकाळ चालणार असेल, तर आलटून-पालटून किंवा नाण्याने काढा. चार ओळींत मिळणारा फायदा सोडू नका. पण सर्वांत वाईट वेळीही log n हवा असेल, तर एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक झाडच घ्या.