मुलांचं काय, असं विचारणारा मी

'मुलांचं काय होईल?' असं विचारलं की माणूस लगेच सज्जन दिसतो. दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी मिळून संसार करावा हे मला खटकतं, असं चारचौघांत म्हणायची आता सोय राहिलेली नाही. मग मी काय म्हणतो? 'त्यांचं ते बघून घेतील हो, पण लेकरांचा काय दोष?' बोलून झालं की मला बरं वाटतं. खटकणं माझं असतं आणि नाव लेकरांचं लागतं.

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्या आठवड्यात जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याजवळच्या आमच्या संध्याकाळच्या बैठकीत हेच वाक्य फिरत होतं. आम्ही सगळे निवृत्त, बरेचसे मराठी, दोघेतिघे हायकोर्टात कारकुनी केलेले. लग्नाचा हक्क मूलभूत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं, तेव्हा त्यावर बोलणं लवकर संपलं. दत्तकावर मात्र बेंच तीन विरुद्ध दोन अशी दुभंगली होती. जोडप्याला मूल दत्तक हवं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य हवं, असा नियम आहे. साहजिकच विवाह न करू शकणारी जोडपी त्यातून बाहेर राहतात. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात, या दाव्यासाठी सरकारने पुरावा ठेवलेला नाही, असं चंद्रचुडांनी लिहिलं. बाकी तिघांनी नियम कायम ठेवला.

'पुरावा कशाला हवा? दिसतंच की,' असं आमच्यातला एक जण म्हणाला आणि मी मान डोलावली. मी, ज्याने उभी नोकरी मुलांना संख्याशास्त्र शिकवण्यात घालवली. निष्कर्ष नंतर, आधी नमुना कुणाचा ते विचारा, हे वर्गात बजावण्यात माझा घसा बसायचा. मग त्या संध्याकाळी तो घसा कुठे गेला होता?

उत्तर अडचणीचं आहे. अमेरिकेतल्या एका संशोधनाचं नाव मला ठाऊक होतं आणि त्याचा निष्कर्ष मला सोयीचा होता. टेक्सास विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांनी २०१२ मध्ये तो अभ्यास छापला. अठरा ते एकोणचाळीस वयाच्या सुमारे तीन हजार लोकांची माहिती त्यात होती. समलिंगी संबंध असलेल्या आईबापांची मुलं नोकरी, नैराश्य, नातेसंबंध अशा अनेक बाबतींत मागे पडतात, असं त्याचं सार सांगितलं जाई. आकडा मोठा, विद्यापीठ नावाजलेलं. मला एवढं पुरत होतं.

निकालानंतर कधीतरी मी तो अभ्यास नीट वाचला. उत्तर देणाऱ्याला विचारलेला मुख्य प्रश्न असा: तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत तुमच्या आईचे किंवा वडिलांचे कधी समलिंगी प्रेमसंबंध होते का? 'हो' म्हटलं की तो माणूस त्या गटात. अशी २३६ माणसं निघाली. पण 'कधी' म्हणजे किती काळ? नवऱ्याशी फारकत घेतल्यावर आईचे एखाद्या बाईशी सहा महिने संबंध राहिले असतील, तरी ते मूल 'दोन आयांच्या घरातलं' ठरलं का? तसंच ठरलं. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत आई आणि तिच्या जोडीदारिणीबरोबरच वाढलेले त्यात फक्त दोघे होते. आणि या सगळ्यांची तुलना कुणाशी? ज्यांचे सख्खे आईबाप शेवटपर्यंत एकत्र राहिले, त्यांच्याशी. म्हणजे एका पारड्यात मोडलेले संसार आणि दुसऱ्यात टिकलेले. फरक निघणारच. तो मोडण्याचा परिणाम होता की दोन आयांचा, हे या मापातून कळूच शकत नाही.

२०१५ मध्ये चेंग आणि पॉवेल या दोन संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. त्या गटात ७ फूट ८ इंच उंचीचा, ४० किलो वजनाचा, आठ लग्नं आणि आठ मुलं झालेला एक इसम सापडला. उघडच कुणीतरी थट्टा केली होती. काटेकोर छाननी केल्यावर समलिंगी जोडप्याच्या घरात निदान वर्षभर राहिलेले म्हणता येतील असे ५१ जण उरले आणि बहुतेक फरक विरघळून गेले. परीक्षेत असा पेपर आला असता तर मी लाल शाईने फुली मारली असती. निष्कर्ष माझ्या बाजूचा होता म्हणून मी पेपर उघडलाच नाही.

आता गंमत बघा. एक बाजू पडल्यावर मी तितक्याच घाईने दुसऱ्या बाजूला धावलो. नॅनेट गार्ट्रेल यांच्या अमेरिकी अभ्यासात लेस्बियन आयांची मुलं जन्माआधीपासून नोंदली गेली होती. २०१० मध्ये त्यांतल्या सतरा वर्षांच्या ७८ मुलांचे निकाल आले: अभ्यासात आणि सामाजिक वागण्यात ती सर्वसाधारण मुलांहून सरस, नियम मोडण्यात आणि आक्रमकपणात कमी. वाचून मला उदारमतवादी झाल्याचा आनंद झाला. पण नमुना? त्या आया स्वतःहून पुढे आलेल्या, बहुतेक गोऱ्या आणि शिकलेल्या, आणि मुलांचं वर्णनही त्यांनीच केलेलं. कुठली आई आपल्या पोराला आक्रमक म्हणेल? हा अभ्यास खोटा नाही. प्रत्येक मुलाला तो लागू करता येत नाही, इतकंच. ज्याला नापसंत निष्कर्षाचाच नमुना तपासायचा असतो, त्याने संख्याशास्त्र शिकवू नये.

मन थोडं स्थिर झालं ते नेदरलँड्समधल्या नोंदींपाशी. त्या देशाने समलिंगी विवाहाला २००१ मध्येच मान्यता दिली आणि तिथे घराघराची सरकारी नोंद असते. माझरेकाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात ना स्वयंसेवक होते, ना 'कधी संबंध होते का' असा प्रश्न. जन्मापासून समलिंगी जोडप्याच्या घरात वाढलेली २,९७१ मुलं आणि दहा लाखांहून जास्त इतर मुलं, आणि मोजमाप शाळेच्या परीक्षांचं. पहिल्या गटातली मुलं परीक्षांत पुढे होती आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचं त्यांचं प्रमाण ४.८ टक्क्यांनी जास्त होतं. मी लगेच विचारलं, का? या घरांतले पालक जास्त शिकलेले, जास्त मिळवणारे आणि वयाने थोराड होते. ज्यांना मूल होण्यासाठी इतका खर्च आणि खटाटोप करावा लागतो, ते असे असणारच. हा हिशेब लावल्यावर आघाडी कमी झाली. तोटा मात्र निघाला नाही. पंचाईत इतकीच की त्या २,९७१ मध्ये दोन बापांची मुलं केवळ १८५. दोन पुरुषांच्या घरांबद्दल बोलताना आवाज थोडा खाली ठेवावा लागतो. केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक यांनी २०१४ मध्ये दत्तक मुलांच्या अशा ४१ घरांचा अभ्यास छापला. मायेत किंवा संगोपनात कुठे उणेपण आढळलं नाही. पण घरं ४१.

'मुलंही तशीच होतील' ही बैठकीतली दुसरी भीती. त्याच गोलोम्बोक बाईंनी ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून लेस्बियन आयांच्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. बहुतेक मुलं स्त्री-पुरुष आकर्षणाचीच निघाली, एखाद-दुसरं वेगळं. आपल्या सगळ्यांच्या घरांतूनही एखादं वेगळं निघतंच आणि तिथे आईबाप तर एक स्त्री अन् एक पुरुष असतात. मग इथेच मला 'लागण' का सुचली?

आणि 'शाळेत मुलं चिडवतील' ही तिसरी. इथे मात्र संशोधन माझ्या काळजीशी सहमत आहे आणि तेच मला सर्वात जास्त झोंबलं. ऑस्ट्रेलियात सायमन क्राउच यांनी २०१४ मध्ये अशा घरांतल्या ५०० मुलांची माहिती छापली. तीही पालकांनी स्वेच्छेने दिलेली, हे ध्यानात ठेवून. आरोग्य आणि घरातला एकोपा सर्वसाधारण मुलांपेक्षा चांगला. पण ज्या घरांना बाहेर हेटाळणी जास्त जाणवत होती, त्या घरांतल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य आणि तोच एकोपा कमी. चिडवणारी मुलं ते कुठे शिकतात? घरी. बैठकीतून उठून घरी गेलेल्या माणसांकडून.

आमच्या नात्यातली एक मुलगी पुण्यात तिच्या मैत्रिणीबरोबर राहते. दोघी मिळून एका लहान मुलाला वाढवतात. घरातल्या लग्नाची पत्रिका धाडताना मी पाकिटावर तिचं एकटीचं नाव घातलं. 'सहकुटुंब' हा शब्द मी बाकी प्रत्येक पाकिटावर लिहिला, तिच्या पाकिटावर लिहिला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. विसरलोही नव्हतो. मुलांच्या काळजीने व्याकूळ होणारा मी आणि मुलाला पाकिटातून वगळणारा मी, यांत आधी कुणाचं खरं मानायचं?

तिघा न्यायमूर्तींवर राग काढणं सोपं आहे, पण त्यांचंही म्हणणं मी पूर्ण वाचलेलं नव्हतं. अशी जोडपी वाईट पालक असतात, असं त्या तिघांतल्या न्या. भट यांनी म्हटलेलं नाही. दत्तकाच्या कायद्याची घडण विवाहावर उभी आहे आणि ती बदलणं कायदेमंडळाचं काम, असा त्यांचा रोख आहे. तेवढं मान्य केलं तरी मुलाचं काय होतं? आज दोघींपैकी एकटीच दत्तक घेऊ शकते. कागदावर आई एकच. ती गेली तर जिने रात्री जागवल्या ती दुसरी त्या मुलाची कायद्याने कुणीच नाही. दोन पुरुषांची गोष्ट आणखी अवघड, कारण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळतच नाही. 'मुलांचं काय' हा प्रश्न खरोखर मुलांसाठी असेल, तर तो इथे विचारायला हवा. या खटल्यात आमचं मध्य प्रदेश सरकार विरोधाच्या बाजूने उभं होतं आणि त्या दिवसांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

अजून मला सगळं सहज वाटत नाही, हेही लपवत नाही. दोन बाप मुलाला शाळेत सोडताना दिसले तर मी आजही वळून बघेन. पण माझं अवघडणं हा मुलावरच्या परिणामाचा पुरावा नव्हे, एवढा फरक आता मला कळतो. बैठकीत 'पुरावा कशाला' असं पुन्हा कुणी म्हणेल, तेव्हा 'नमुना कुणाचा?' हे माझ्या तोंडून निघेल का? वर्गात निघत असे. तिथे मुलांसमोर मला चांगलं दिसायचं असे आणि इथे मित्रांसमोर.