पाचवं रीडिंग

मी: वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्यूसी केमिस्टची जागा आहे, म्हणून आपल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय. लिहितो, ‘सर, माझं काम अचूक आणि प्रामाणिक आहे, एवढं शिफारसपत्रात यावं.’ दुसऱ्या शब्दापाशी माझा हात थांबतो.

मॅडम: का?

मी: त्याच्या प्रोजेक्टमुळे. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांची पूड जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळायची आणि उरलेला अल्कली आम्लाने मोजायचा. पाच वेळा केलं त्यानं. ९९.२, ९८.८, ९९.५, ९९.० आणि ९४.१ टक्के. प्रबंधात सरासरी ९९.१. पाचवं धरलं असतं तर ९८.१ आली असती. पण त्याचा उल्लेखच नाही.

मॅडम: मग तुम्हाला कळलं कसं?

मी: वहीत आहे ना.

मॅडम: म्हणजे पान फाडलं नाही, आकडा खोडला नाही. लपवायचं असतं तर वही तुमच्या हातात दिली असती का त्यानं?

मी: पण गाळलं कशाच्या आधारावर? उकळणं कमी पडलं तर आकडा खाली येतो. पूड नीट मिसळली नसेल तरी येतो. किंवा त्या गोळ्यांतच औषध कमी असेल. किती वेळ उकळलं, हे वहीत नाही. म्हणजे आता कुणालाच सांगता येणार नाही. कारखान्यात असं रीडिंग कारण शोधल्याशिवाय सोडता येत नाही. अमेरिकेत १९९३ साली बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात कोर्टाने हेच बजावलं होतं.

मॅडम: कारखान्यात. आणि आपल्या प्रयोगशाळेत? पहिल्या वर्षापासून आपण पोरांना सांगतो, ब्युरेटची जुळणारी रीडिंगं घ्या, बाकीची सोडा. न जुळणारं का आलं, याला एक तरी मार्क असतो का? त्यानं शिकवलं तेच केलं.

मी: शिकवण्यात चूक असली तरी उद्या ती गोळी रुग्णच गिळणार.

मॅडम: मग पत्रात शिकवण्याबद्दलही लिहा. फक्त पोराबद्दल का?

मी: शिफारसपत्रात कॉलेजबद्दल कोण लिहितं?

मॅडम: कोणीच नाही. म्हणून सगळा भार पोरावर येतो.

मी: त्याला वही घेऊन बोलावतो. ९४.१ का आलं, विचारतो.

मॅडम: आणि ‘माहीत नाही, सर’ म्हणाला तर?

मी: तर पत्रात तसंच लिहीन. रीडिंग गाळलं होतं, पण वहीत जपलं होतं, आणि विचारल्यावर कारण रचलं नाही. क्यूसीत असाच माणूस लागतो.

मॅडम: ते समजायला वाचणारा केमिस्ट हवा. पत्र आधी मनुष्यबळ विभागात उघडतात. तिथे ‘गाळलं’ एवढंच दिसेल, आणि शेजारी गुळगुळीत पत्रांचा गठ्ठा असेल. खरं लिहून तुम्ही मोकळे व्हाल. नोकरी त्याची जाईल.

मी: मग ‘प्रामाणिक’ लिहून टाकू?

मॅडम: तसं मी म्हटलं नाही. किंमत कोण मोजणार, एवढंच विचारलं.

मी: तो मोजणार. म्हणून पत्र पाठवण्याआधी त्याला वाचायला देईन. ते जोडायचं की नाही, त्यानं ठरवावं.

मॅडम: आणि त्यानं नाही जोडलं, तर तेही गाळलेलं रीडिंगच ना, सर?