तो नंबर तुला दिला कोणी?

रडगाणं पुरे. बस समोर आणि मी विचारते तेवढंच सांग. मिक्सर परत केलास, १,८४९ रुपये परत यायचे होते, आठ दिवस झाले तरी आले नाहीत. इथपर्यंत तुझं काहीही चुकलेलं नाही. पुढे काय केलंस? ज्या अ‍ॅपवरून मिक्सर मागवला होतास ते उघडलंसुद्धा नाहीस. सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकलंस, त्यापुढे ‘कस्टमर केअर नंबर’ लिहिलंस आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर फिरवलास. वर मला सांगतोस, गूगलने दिला! गूगल त्या कंपनीत नोकरीला आहे का?

सर्च इंजिन खऱ्याखोट्याची शहानिशा करून नंबर देत नाही. तुझ्या शब्दांशी जुळणारा मजकूर जिथे सापडेल तिथून उचलतं आणि तुझ्या पुढ्यात टाकतं. वैतागलेला माणूस नेमके कोणते शब्द टाइप करतो, हे तुला लुबाडणाऱ्या चोराला पाठ आहे. तो फुकटात एक पान तयार करतो, त्यात कंपनीचं नाव, ‘रिफंड’, ‘हेल्पलाइन’, ‘२४ तास’ हेच शब्द पुन्हापुन्हा भरतो आणि मध्ये स्वतःचा मोबाइल नंबर ठेवतो. घाई असेल तर पैसे मोजून जाहिरात देतो. तिच्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, पण ते वाचायला वेळ कुणाला आहे? नकाशावर कंपनीच्या नावाने खोटं कार्यालयही उभं करता येतं. खऱ्या ठिकाणाचा फोन नंबर बदला, अशी सूचनाही तिथे कुणी परका माणूस करू शकतो. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाचे नकाशावरचे नंबर असेच बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपर्यंत गेल्या होत्या. बँकेची ही गत, तिथे तुझ्या मिक्सरवाल्याचं काय घेऊन बसलास?

तू जपून ठेवलेलं ते पान मी पाहिलं. नंबर कसा लिहिलाय बघ. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’, मध्ये ठिपके, दोन्ही बाजूंना टेलिफोनची चित्रं. खोटे नंबर हुडकणाऱ्या यंत्रणेला तो सरळ सापडू नये म्हणून ही नक्षी. कुठली कंपनी स्वतःचा नंबर असा लपवत लपवत छापते रे? मग मी तोच नंबर सर्चमध्ये टाकला. तुझ्या कंपनीखाली तो आहेच, शिवाय एका कुरिअरखाली आहे, एका बँकेखाली आहे आणि फ्रीज दुरुस्तीखालीही आहे. एवढी कामं एकटा माणूस करतो म्हणजे कर्तबगारच म्हणायचा!

पण उद्या लगेच शहाणपणा करू नकोस, की नंबर शोधला, काही वाईट सापडलं नाही, म्हणजे तो खरा. सिमकार्ड कालच घेतलेलं असेल तर काहीच सापडणार नाही. सुरुवातीला १८०० आहे म्हणूनही विश्वास ठेवायचा नाही. तसा नंबर भामट्यालाही मिळवता येतो. आणि फोन आल्यावर पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं, हे मला सांगूच नकोस. कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपमधली नावं पुष्कळदा लोकांनीच दिलेली असतात.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा: नंबर आला कुठून? अ‍ॅपमध्ये तुझी ऑर्डर उघड, तिथेच मदतीचा पर्याय असतो. बिलावर बघ. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला ग्राहकसेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क स्वतःच्या व्यासपीठावर दाखवावाच लागतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असंही त्यात आहे. पुष्कळ कंपन्या फोनवर बोलतच नाहीत, सगळा कारभार चॅटवर. तुला त्याचा राग येतो हे मला कळतं, मलाही येतो. पण अ‍ॅपमध्ये नंबर दिसला नाही म्हणून बाहेर शोधायला गेलास, की तिथे तोच माणूस टपून बसलेला असतो.

आता फोनवर काय झालं ते. त्याने विचारलं, ‘काय अडचण आहे, सर?’ तू मिक्सर सांगितलास, १,८४९ सांगितलेस, तारीखही सांगितलीस. मिनिटभराने त्याने तेच तुला वाचून दाखवलं आणि तुला वाटलं, याच्याकडे आपली सगळी माहिती आहे! अरे, तूच दिलीस की ती.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली. नावाच्या शेवटी .apk होतं. म्हणजे ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरून आलेलं नव्हतं. फोनने धोक्याची सूचना दिली, तू ती पुढे ढकललीस. अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिलीस. त्याच क्षणापासून तुझा ओटीपी त्याच्या हातात जाऊ लागला, तू तोंडाने सांगायची गरजच उरली नाही. मग ‘नोंदणीसाठी फक्त १० रुपये’. पैसे परत द्यायला निघालेला माणूस आधी तुझ्याकडूनच घेतो, हे गणित तुला खटकलं नाही? त्या दहा रुपयांच्या पानावर तू कार्डाचा नंबर लिहिलास आणि यूपीआयचा पिनसुद्धा. तो पिन पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. परतावा ज्या मार्गाने पैसे भरलेस त्याच मार्गाने येतो. रोखीने दिले असतील तर अ‍ॅपमध्ये खातं नोंदवायचं, बस.

मला सगळ्यात जास्त राग याच्या पुढचा आहे. संध्याकाळी २४,९९९ गेले, मेसेज आला आणि तू लाजेने गप्प झोपलास. सकाळी पुन्हा २४,९९९ गेले. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेला नियम सांगतो, की ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पहिल्या मेसेजनंतर लगेच बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगितलं असतंस, तर दुसरे २४,९९९ तुझ्या डोक्यावर नसते. सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर तेव्हाच कळवलं असतंस, तर पहिले पैसेही पुढच्या खात्यात अडवता आले असते. ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि मग एटीएममधून काढले जातात. अडवायचे असतील तर त्याआधीच. तू लाजत बसलास आणि त्याला रात्रभर मोकळं रान दिलंस.

आता ऊठ. फोनचं इंटरनेट बंद कर, ते अ‍ॅप काढून टाक आणि ##002# फिरव, म्हणजे तुझे कॉल त्याने दुसरीकडे वळवले असतील तर थांबतील. फोनमधले फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घे आणि फोन पुसून नव्याने सुरू कर. तोपर्यंत दुसऱ्याच फोनवरून बँकेला कळव आणि पिन बदल. मग १९३०, आणि cybercrime.gov.in वर तक्रार. तिच्यात दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, तो नंबर आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जोड. आणि हो, पैसे परत मिळवून देतो म्हणून उद्या कुणाचा फोन आला, तर तो कुठून आला ते तुला आता मी सांगायला नको. मिक्सरची तक्रार अ‍ॅपमध्येच कर. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे. चल, उचल फोन. बँकेशी बोलून झाल्याशिवाय इथून हलायचं नाही.