वीस कट्ट्यांचा हिशेब

2021च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या घरात होतं. माझी रास निघेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही सेबीने बंद केले. म्हणून 2022च्या ऑगस्टमध्ये, शेंगा भरत असतानाच, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीशी मी लेखी सौदा केला: तीस क्विंटल, पाच हजार रुपयांनी.

आठ एकरांत मला पन्नासेक क्विंटलची आशा होती. सगळ्याचा सौदा केला नाही, कारण भाव बांधता येतो, पाऊस बांधता येत नाही. माल कमी निघाला तर बाजारातून विकत घेऊन द्यावा लागला असता. माझा खर्च क्विंटलमागे साडेतीन हजारांच्या आसपास होता. पाच हजारांत घर चालणार होतं, एवढं मला पुरेसं वाटलं होतं.

दिवाळीनंतर भाव छप्पन्नशेवर गेला आणि माझी नियत फिरली. 'पावसानं माल गेला' असं सांगून मी अठरा क्विंटलच घातले. उरलेले बारा, म्हणजे साठ किलोचे वीस कट्टे, ओसरीत ताडपत्रीखाली लपवले आणि नंतर आडतीवर विकले. 7,200 रुपये जास्तीचे मिळाले. फसवलं म्हणायला मन तयार नव्हतं. माझाच माल, माझाच घाम, असं स्वतःला समजावत राहिलो.

2023ला पुन्हा सौदा केला, तीस क्विंटल, 4,900ने. या वेळी काढणीच्या वेळी बाजार 4,600वर होता. कंपनीने काटा केला आणि ठरलेला पैसा खात्यावर टाकला. बाजारापेक्षा नऊ हजार जास्त. मी व्यवस्थापकांना विचारलं, "दादा, तुम्हाला तोटा नाही झाला?"

ते म्हणाले, "तुमच्याशी सौदा केला त्याच दिवशी आम्ही तेल गिरणीशी करतो. गिरणीने बांधलेला भाव दिला. मागच्या वर्षी मात्र काहींचा माल कमी आला. गिरणीला शब्द दिलेला होता, मग छप्पन्नशेनं बाजारातून घेऊन भरला."

बारा क्विंटल, सहाशेचा फरक. माझे 7,200 कुठून आले ते तिथे उभ्या उभ्या कळलं. तो तोटा सगळ्या सभासदांवर बसला होता.

हेजिंग म्हणजे चढ्या भावाची आशा सोडून पडत्या भावाची भीती विकणं. मी भीती विकली, पण आशा सोडली नाही. भीती विकून आशाही ठेवायची तर तिचे पैसे दुसऱ्या कुणाला तरी भरावे लागतात. माझे माझ्याच गावाने भरले.

दुसऱ्या दिवशी 7,200 रुपये घेऊन मी कार्यालयात गेलो. व्यवस्थापकांसमोर वीस कट्ट्यांचं खरं सांगितलं. पावती घेतली. तेव्हापासून ती सौद्याच्या कागदाला टाचून ठेवली आहे.