उरलेल्या हारांचा भार

दसऱ्याच्या सकाळी हाराच्या पाटीसमोर उभा राहिलेला माणूस मनातल्या मनात एक हिशोब करतो. झेंडू साठ रुपये किलो. एका किलोत दोन हाताचे तीन हार होतात. म्हणजे एका हारात वीस रुपयांची फुलं. दोऱ्याला फार तर रुपया. मग ही बाई पन्नास कशाचे सांगते?

हा हिशोब चुकीचा नाही, अर्धा आहे. माझी काकी, जिला आम्ही सगळी पोरं आक्का म्हणायचो, तालुक्याच्या गावात पेठेच्या तोंडाशी हार विकायला बसायची. त्यामुळे उरलेला अर्धा हिशोब मला घरातच पाहायला मिळाला. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका दसऱ्याचा तो इथे मांडतो, कारण आकडे समोर नसले की न्यायाच्या गोष्टी नुसत्या हवेत राहतात.

खंडेनवमीच्या पहाटे आक्कानं चाळीस किलो झेंडू घेतला. फुलं घेणं हेच निम्मं काम. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर फूल पाण्यानं जड झालेलं असतं, आणि आपण पाण्याचे पैसे मोजतो. आक्का वरची फुलं बघायचीच नाही. ती कोपरापर्यंत हात गोणीत घालायची. मधली फुलं गरम लागली की गोणी सोडायची. ओली फुलं दाबून भरली की आत उबतात, वरून टवटवीत दिसतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात. दुसरी खूण देठाशी. फूल उलटं करून बघायचं, बूड काळं पडलं असेल तर ते सुईवर टिकत नाही.

एवढं पारखूनही चाळीसमधले तीन किलो गेलेच. चेंगरलेली, बिनदेठाची, किडकी. राहिले सदतीस किलो, त्याचे झाले एकशेदहा हार. फुलांचे चोवीसशे रुपये. टेम्पोत वाटा दोनशे, आंब्याचे डहाळे एकशेचाळीस, दोऱ्याची रिळं साठ, बसायच्या जागेची पावती पन्नास, आणि ओवायला बसलेल्या शेजारच्या तिघींना प्रत्येकी दीडशे. सगळे मिळून तेहतीसशे. म्हणजे एक हार आक्काला तीस रुपयांना पडला. यात तिची स्वतःची मजुरी धरलेली नाही. ती पहाटे तीनला उठलेली, रात्रभर सुई चालवलेली, आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत उन्हात बसलेली.

आता विक्री. एकशेदहापैकी पंचाहत्तर हार पन्नासनं गेले. दुपारी चारनंतर वीस हार वीस-वीस रुपयांनी गेले. पंधरा उरले. हातात आले एकेचाळीसशे पन्नास. खर्च वजा जाता साडेआठशे.

मागे जाऊन त्या पन्नास रुपयांची फोड केली तर असं दिसतं: फुलांचे बावीस, इतर खर्चाचे आठ, आक्काच्या दीड दिवसाच्या मजुरीचे आठ, आणि राहिलेले बारा रुपये जे हार गेले नाहीत किंवा पडेल भावात गेले त्यांचे. वादाचं मूळ या बारा रुपयांत आहे. बाकी अडतीस कुणालाही पटवून देता येतात. पण माझ्या दाराला लागलेल्या हाराबरोबर, रात्री पेठेत सुकत पडलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी न घेतलेल्या हाराचे बारा रुपये मी का द्यावेत?

एका गिऱ्हाइकानं हे जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं. चांगला माणूस होता, नोकरदार, तावातावानं नाही, खरंच कळावं म्हणून. म्हणाला, "मावशी, तुमचा माल राहिला तर तो तुमचा अंदाज चुकला. त्याचा दंड आम्हाला कशाला?"

आक्का सुई न थांबवता म्हणाली, "सायेब, तुमी काल सांगून ठिवला असता तर चाळीसला दिला असता. तुमी येनार का न्हाई, मला म्हाईत नव्हतं. तरी तुमचा हार मी करूनच ठिवला व्हता."

मला हे उत्तर नुसतं हजरजबाबी वाटत नाही, हिशोबातही ते खरं आहे. पुढच्याच वर्षी गाड्यांच्या एका दुकानानं वीस हार आधी सांगून ठेवले आणि आक्कानं ते चाळीसनं दिले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हरकत घेतली, की दुकानवाल्याला चाळीस आणि आम्हाला पन्नास, हा कसला न्याय? वरवर पाहिलं तर मोठ्याला सवलत आणि लहानाला भुर्दंड. पण सांगून ठेवलेल्या हाराच्या मागे उरलेला हार नसतो. त्याला अडतीस खर्च, दोन वरकड, झालं. पन्नास देणारा माणूस हाराखेरीज आणखी एक गोष्ट विकत घेत असतो: आधी काही न कळवता, मन होईल तेव्हा यायचं, चार हार चाळवून एक निवडायचा, नाही आवडला तर पुढच्या पाटीवर जायचं. ही मोकळीक फुकट नसते. पाटीत शेवटचा हार राहिला की तो कुणी घेत नाही, हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. लोकांना ढिगातून निवडायचं असतं, आणि ढीग ठेवायचा म्हटला की तळ उरणारच. त्यामुळे त्या पंधरा हारांना 'चुकलेला अंदाज' म्हणणं मला पटत नाही.

हे बारा रुपये दुसऱ्या वाटेनंही वाचवता येतात, आणि पुष्कळजण वाचवतात. हार विरळ ओवायचा. फूल मधून ओवण्याऐवजी आडवं ओवलं की कमी फुलांत लांबी भरते. दोन फुलांच्या मध्ये पान घातलं की आणखी भरते. असा हार पस्तीसला देता येतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि दुपारी दोरा दिसायला लागतो. दारावरच्या हाराचा दोरा दिसणं आक्काला लाज वाटण्यासारखं होतं. मी तिला एकदा म्हटलंही, की लोकांना स्वस्तच हवं असेल तर तसंच द्यावं. ती म्हणाली, "भाव सांगून जास्त घेतलं तर ते तोंडावर घेतलं. फुलं काढून घेतली तर ती मागनं घेतली." तिच्या लेखी पन्नास सांगणं ही उघड गोष्ट होती, त्यावर भांडता येतं. विरळ हारावर भांडता येत नाही, कारण तो घरी गेल्यावर कळतो.

माझा खरा अडसर वेगळ्याच बाजूनं आला. आमच्या घरातच झेंडू होता. माझा थोरला भाऊ अर्धा एकर लावायचा. एका वर्षी सगळ्यांचीच फुलं एकदम आली आणि भाव दहा रुपये किलोवर उतरला. तोडणी, भाडं, हमाली वजा जाता त्याच्या पट्टीत जे राहिलं त्यात खताचे पैसेही निघाले नाहीत. आणि त्याच दसऱ्याला आक्का हार तीस रुपयांना विकत होती. भाऊ तिला काही बोलला नाही, पण जेवताना माझ्याकडे बघून म्हणाला, "माझी फुलं तीन रुपयाची, न् दोरा सत्तावीसचा."

त्याचं दुःख खरं होतं. पण त्या वर्षीचा आक्काचा हिशोबही मला माहीत होता. फुलं चारशेची आली, तरी टेम्पो, डहाळे, दोरा, पावती, ओवणाऱ्या बाया यांचे नऊशे तसेच राहिले. म्हणजे तेराशे. फूल स्वस्त झाल्यावर जो तो पाटी घेऊन बसला. शेतकरी स्वतःच टेम्पोतून सुटी फुलं विकायला उभे. तीसनं तिचे पंचेचाळीस हार गेले, मग तीस हार दहा-दहा रुपयांना, आणि पस्तीस उरले. आले साडेसोळाशे. तिला मिळाले साडेतीनशे. फूल महाग होतं त्या वर्षीपेक्षा निम्म्याहून कमी.

भावाला मी हे सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तिची राहिलेली फुलं तिनं भावात घातली. माझी राहिलेली कुणाच्या भावात घालू?"

इथं माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आक्का पाटीमागे बसून भाव सांगते, गिऱ्हाईक तिच्या तोंडावर नाही म्हणतं. भाऊ गोण्या गाडीत भरून देतो, भाव दुसरं कुणी सांगतं, आणि तो पट्टीवर वाचतो. बारा रुपये योग्य आहेत हे मी ज्या तर्कानं मान्य केलं, तोच तर्क लावला तर न विकल्या गेलेल्या, रस्त्याकडेला ओतून दिलेल्या फुलांचा भारही फुलाच्या भावात यायला हवा. पण तो येत नाही, कारण तो घालायला भाव सांगण्याचा हक्क लागतो. हक्क नाही म्हणून न्याय नाही, असं म्हणणं मला जड जातं.

राहिला संध्याकाळचा भाव. आमच्या पेठेत एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी बरोबर सहाला यायचे आणि वीसचा हार घेऊन जायचे. पेन्शन चांगली होती. त्यांचा मला राग यायचा, कारण सकाळी पन्नास देणाऱ्यांच्या जिवावर ते वीसमध्ये सुटत होते. सगळ्यांनीच सहापर्यंत थांबायचं ठरवलं तर आक्का दुसऱ्या वर्षी बसणारच नाही, मग सहाचा हारही नाही. पण त्याच वेळी वीटभट्टीवरची एक बाईही यायची, तिला मजुरी हातात पडायचीच संध्याकाळी. तिलाही वीसच. मी आक्काला म्हटलं, त्यांना तरी तीस सांग. तिनं मान हलवली. संध्याकाळी तोंड बघून भाव सांगायला लागलं की सकाळीही तेच सुरू होतं, असं तिचं म्हणणं. शिवाय ते वीस रुपये नाही आले तर त्या हाराचं शून्य होतं.

मात्र चारच्या आधी ती भाव सोडायची नाही, कितीही माल पडलेला असो. शेजारचीनं तीनला पस्तीस केला तरी नाही. सकाळी पन्नास देऊन गेलेलं माणूस बाजार करून त्याच वाटेनं परत जातं, ते म्हणायची.

दिवेलागणीनंतर उरलेले हार ती कुणाला विकायची नाही. दोन मारुतीला, एक आमच्या बैलगाडीच्या जुवाला, आणि बाकीचे सोडून दोरा परत गुंडाळून ठेवायची. फुलं उकिरड्यावर. दोऱ्याला तेवढ्यात झेंडूचा रंग लागलेला असायचा, दिवाळीच्या हारात तो कुणाला दिसायचा नाही.