आजी होण्याआधीची आजी

आजी गेली त्याच्या चौथ्या दिवशी थोरले काका म्हणाले, "तेराव्याला संध्याकाळी प्रार्थना ठेवलीय. भजनानंतर तू बोल. तू तिच्यापाशी वाढलीस." मी हो म्हटलं आणि रात्री वही घेऊन बसले. तासाभरात पान भरलं. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, सगळ्यांना धरून ठेवणारी. वाचून पाहिल्यावर लक्षात आलं की हे पान गावातल्या कुठल्याही आजीच्या फोटोसमोर वाचता आलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण आमची आजीही त्यात नव्हती.

आजीवर बोलायचं काम बहुतेक घरांत नातवंडाकडे येतं. मुलांना बोलवत नाही, सुनांना संकोच वाटतो. पण नातवंड हा सगळ्यात अपुरा साक्षीदार असतो. मी जन्मले तेव्हा आजीचं अर्धं आयुष्य होऊन गेलं होतं. मला ठाऊक होती ती पांढऱ्या केसांची, उन्हात पाट टाकून बसणारी, भाकरीचा पहिला पापुद्रा माझ्या ताटात टाकणारी बाई. ती कधी सोळा वर्षांची होती, हे मी नुसतं समजून होते. म्हणून नऊ दिवसांत लिहिण्यापेक्षा विचारण्याचं काम जास्त केलं.

पहिला प्रश्न वयाचा आला. आधार कार्डावर १ जानेवारी १९५० होतं. ज्यांच्या जन्माची नोंदच नाही त्यांच्या नशिबी बहुधा ही १ जानेवारी येते. आजी स्वतः सालात मोजत नसे, ती घडलेल्या गोष्टींवर मोजायची. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझे वडील तिच्या पोटात होते. हा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. थोरली आत्या चीनच्या लढाईच्या वेळची, म्हणजे १९६२ च्या दिवाळीच्या आसपासची. लग्न त्याआधी वर्ष-दीड वर्ष, आणि लग्नात ती सोळा वर्षांची, असं तिची धाकटी बहीण सांगते. म्हणजे जन्म १९४५ च्या सुमाराचा. तेराव्याच्या पत्रिकेवर कागदावरचंच वय छापलं गेलं होतं. आजी त्याहून पाचेक वर्षांनी मोठी निघाली. बोलताना मी साल सांगितलंच नाही. "भूकंपाच्या पहाटे ती दोन पोरांना उचलून अंगणात आली आणि तिसरं पोटात होतं" एवढंच ठेवलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यावरून तिचं वय बरोबर कळलं.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. लहानपणी तिच्या मांडीवर झोपताना मी त्या चिरेवरून बोट फिरवत असे. कशानं झालं असं विचारलं की ती म्हणायची, दारात सापडला. शेजारच्या आजींकडे गेले तेव्हा सहज हा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "दारात कशाचा? खडीवर हातोडी बसली व्हती. मी शेजारीच व्हते."

आमचं गाव माण तालुक्यातलं, कायम दुष्काळी पट्ट्यातलं. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं कामं काढली, तेव्हा ज्यांच्या नावावर जमीन होती तेही घरातून बाहेर पडले, कारण जमिनीत काही उरलंच नव्हतं. बायका ओळीनं बसायच्या. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्या हातातल्या हातोडीनं फोडायचा आणि खडीचा ढीग लावायचा. मुकादम मोजमाप घ्यायचा आणि जेवढी खडी भरली तेवढी मजुरी. डावा अंगठा दुखावला तरी दगड धरावाच लागे. पाच वर्षांचे माझे वडील शेजारी बसलेले असत. कामावर सुकडी मिळायची, आजी तिच्यातली निम्मी पदरात बांधून घरी न्यायची. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटायची, म्हणून शेजारच्या आजी अजूनही मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

आता प्रश्न असा, की जी गोष्ट तिनं पन्नास वर्षं दारावर ढकलली, ती मी तिच्या फोटोसमोर चारचौघांत सांगायची का? आपण गेलेल्या माणसाबद्दल बोलतो तेव्हा त्याची परवानगी घ्यायला ते माणूस नसतं. मला वाटतं, इथे सरसकट नियम लागू होत नाही, गोष्ट पाहून ठरवावं लागतं. खडी फोडण्यात लाज नव्हती. आजीला ती वाटली असेल, कारण बऱ्या घरातली सून म्हणून ती आली होती. मी वडिलांना विचारलं, काकांना विचारलं. काका बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सांग. ती सुकडी मीच खाल्लीय." मग ती गोष्ट ठेवली. आणखी एक गोष्ट कळली होती, आजोबांच्या आणि तिच्यामधली. तिचा खरेखोटेपणा सांगू शकतील अशी दोनच माणसं होती आणि दोघंही आता नाहीत. ती मी वहीतूनही खोडली.

बाकी कापाकापी सोपी गेली. शेवटचे वीस दिवस दवाखान्यातले होते. घरातल्या प्रत्येकाच्या मनात तेच ताजे होते, त्यामुळे पहिल्या मसुद्यात निम्मी जागा त्यांनीच अडवली होती. आठ दशकांच्या आयुष्यात वीस दिवसांचा वाटा किती, असा विचार करून एक वाक्य ठेवलं. नातवंडांच्या शिक्षणाची आणि नोकऱ्यांची यादी काढली. तिचा राग मात्र ठेवला. आजी रागावली की दोन-दोन दिवस बोलत नसे, पण ताट वेळेवर वाढायची. हे वगळलं असतं तर तिच्या सुनांना वाटलं असतं की मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणून साडेपाचशे शब्दांवर थांबले. घरात तीनदा मोठ्यानं वाचलं. तिन्ही वेळा गळा सुकडीच्या वाक्याशी दाटला, तेव्हा त्या वाक्याचे दोन तुकडे केले आणि मध्ये श्वासाला जागा ठेवली.

तेराव्याच्या संध्याकाळी ओटीवर समई लावली होती, फोटोला झेंडूचा हार होता. भजनी मंडळींनी टाळ खाली ठेवले. मी सुरुवात तिच्या माहेरच्या नावानं केली. लग्नात नाव बदललं, त्यामुळे त्या नावानं तिला हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या बहिणीनं मान वर केली. पुढे भूकंप आला, मग दुष्काळ आला. सुकडीच्या वाक्याशी मी थांबले, श्वास घेतला, आणि वाक्य नीट पार पडलं.

"दोन महिने ती त्या कामावर होती," असं मी पुढे म्हटलं, तेवढ्यात बायकांतून शेजारच्या आजींचा आवाज आला.

"दोन न्हाई गं. चार. पाऊस पडंस्तवर व्हतो आम्ही."

कुणी त्यांना गप्प केलं नाही. मी खिशातलं पेन काढलं, कागदावरचे दोन खोडून चार केले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यांनी मान हलवली. मग मी पुढे गेले, तिच्या रागाकडे, ताटाकडे, उन्हातल्या पाटाकडे. माझं संपल्यावर पसायदान व्हायचं होतं, पण त्याआधी बहीण बसल्या जागेवरून म्हणाली, "मला बी सांगायचंय." तिला उठता येत नव्हतं. म्हणून आम्हीच सगळे सरकून तिच्याजवळ जाऊन बसलो.