अर्जात नसलेली ओळ

पारनेर तालुक्यातले एक शेतकरी गेल्या जूनमध्ये अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. मुलगी इंग्रजी माध्यमातून तिसरी झालेली, आता चौथीला तिला गावच्या जिल्हा परिषद शाळेत मराठी माध्यमात घालायचं होतं. कारण एकच, “गणितात कच्ची आहे.”

मुलगी सोबतच होती. तिच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण मी तिला वाचायला दिलं. ४८ आंबे, ६ पेट्या, प्रत्येक पेटीत सारखे. तर एकीत किती? तिनं इंग्रजी घडाघडा वाचलं आणि विचारलं, “मिळवायचं का वजा करायचं?” तेच मी मराठीत सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, “आठ.”

म्हणजे तिचा भागाकार पक्का होता, प्रश्नच तिच्यापर्यंत पोचत नव्हता. मराठीतही ती अडली असती तर मी अर्ज लिहिला नसता. तेव्हा माध्यम बदलून काही साधलं नसतं, भागाकारच नव्यानं शिकवावा लागला असता.

अर्जात ‘पाल्याच्या हितासाठी’ असं लिहिलं आणि हात थांबला. शाळा बदलायची आहे हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तिथं इंग्रजीचा तास असतो का?” असतो. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तिला ते सोडायचं नव्हतं, आणि मैत्रिणीही. अर्ज तसाच ठेवला. आधी ती एक दिवस त्या वर्गात बसून आली, मग वडिलांनी सही केली.

दाखल्यावरून अडलंच. जुन्या शाळेनं आधी थकलेली फी मागितली. थकलेली फी द्यायलाच हवी, पण फीसाठी लेकराचं वर्ष ओलीस ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे: सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. आठवीपर्यंत हा हक्क आहे. गावच्या मुख्याध्यापकांना तो ठाऊक होता. त्यांनी तिला त्याच दिवशी वर्गात बसवलं.

तिथं वेगळीच अडचण निघाली. ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये वीस आधी येतात, ‘पंचवीस’मध्ये पाच. ती पंचवीस ऐकायची आणि ५२ लिहायची. २०१९मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! या मुलीची वही पाहिल्यावर त्या सूचनेमागची कळकळ मला नीट उमगली.

गुरुजींनी ५२वर फुली मारली नाही. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या, आणि तिला म्हणाले, “आधी गठ्ठे लिही, मग सुट्या.”